रुग्णालयाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर : ‘डॉ. आणखी’ आणि बाकीच्या चुका टाळा

रुग्णालयांची माहितीपत्रकं, डिस्चार्जच्या वेळी हातात पडणाऱ्या सूचना, तपासणीआधी काय खायचं नि काय नाही याचे कागद. हे सगळं इंग्रजीतून मराठीत आणणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. हल्ली नवीन मंडळींनी केलेलं तपासायलाही येतं. चुका त्याच त्या. कुठला शब्द बदलायचा आणि कुठला जसाच्या तसा ठेवायचा, हे ठरवायच्या आधीच हात कीबोर्डवर पडलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक : माणसांची नावं शब्द समजून बदलणं

एका रुग्णालयाची पुस्तिका होती, चाळीसेक पानांची. प्रत्येक विभागाच्या शेवटी ‘अधिक माहितीसाठी’ या अर्थाने इंग्रजीत `More` असं छापलेलं. भाषांतर करणाऱ्या मुलाने वेळ वाचवायला वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस उघडलं, शोधायच्या चौकटीत `More`, बदलायच्या चौकटीत ‘आणखी’, आणि थेट `Replace All`. हाडांच्या विभागात मोरे नावाचे डॉक्टर होते. त्यांचं स्पेलिंगही तेच. ते झाले ‘डॉ. आणखी’. त्याच झपाट्यात तारखेच्या रकान्यांसाठी `Date` चं ‘दिनांक’ केलेलं, त्यामुळे दाते मॅडम ‘डॉ. दिनांक’ झाल्या.

पुस्तिका छापून आली. पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि त्याचं कारण गमतीचं आहे. पेशंट खिडकीवर येऊन विचारायचे, “आणखी डॉक्टर आहेत का?” काउंटरवरच्या ताई उत्तर द्यायच्या, “नाही हो, हाडांचे एवढेच.” शेवटी एका आजोबांनी पुस्तिका उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा उलगडा झाला. सगळ्या प्रतींवर चिकटपट्ट्या लावाव्या लागल्या.

`Replace All` हे बटण मी स्वतःपुरतं बंद केलंय. एकेक जागा बघत `Replace` दाबते. चाळीस पानांना दहा मिनिटं जास्त लागतात, आणि ज्याला ती जड वाटतात त्याने हे काम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याहीआधी, भाषांतराचा एक शब्द लिहिण्यापूर्वी, मूळ मजकुरातली सगळी माणसं कागदावर उतरवून घेते आणि फाइलमध्ये त्यांच्या जागी खुणा टाकते :

```
Dr. Date -> @@01@@
Dr. More -> @@02@@
Dr. Kale -> @@03@@
```

काम संपल्यावर खुणांच्या जागी देवनागरी नावं भरायची. मग `@@` शोधायचं. एकही सापडलं नाही, तर सगळी माणसं आपापल्या जागी परत आली.

पण देवनागरीत नाव लिहायचं म्हणजे काय लिहायचं, हा पुढचा घोळ. रोमन लिपीत ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त यांतला फरक दिसत नाही. `Kale` काळेही असतील, कालेही. कुलकर्णी आणि कुळकर्णी दोन्ही लिहिणारी घरं आहेत आणि दोघंही आपल्या अक्षराबाबत हळवी असतात. दांडेकरांच्या नावात तर एकाच `d` चा पहिल्यांदा द होतो नि दुसऱ्यांदा ड. दक्षिणेकडची नावं आली की वेगळीच तऱ्हा. तिकडे त साठी सर्रास `th` लिहितात, म्हणून `Latha` या लता असतात, आणि आपला माणूस बेधडक ‘लथा’ लिहून मोकळा होतो. अंदाज करू नका. रुग्णालयात फोन करा, नाहीतर दारावरच्या मराठी पाटीचा फोटो मागवा. माझा फोन दोन मिनिटांत आटोपतो. आजवर कुणी रागावलेलं नाही.

नावाला प्रत्यय लावतानाही जपून. जुनी माणसं ‘दात्यांना दाखवा’, ‘गोऱ्यांकडे जा’ म्हणतात, हल्ली ‘दातेंना’, ‘गोरेंकडे’ ऐकू येतं. दोन्हीवर वाद घालणारे भेटतात. मी ‘डॉ. दाते यांना’, ‘डॉ. गोरे यांच्याकडे’ असं लिहिते. नाव अख्खं राहतं, आदरही राहतो, आणि वरच्या खुणांशीही हे छान जुळतं. ‘@@01@@ यांना’ लिहिलेलं असलं की खुणेमागे कुणीही असो, वाक्य मोडत नाही.

दुसरी लाडकी चूक : सकारात्मक

तपासणीचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला, याचं भाषांतर ‘सकारात्मक’. शब्दकोशात तसं सापडतंही. पण मराठी माणसाच्या कानाला ‘सकारात्मक’ म्हणजे चांगलं. थुंकीच्या तपासणीचा निकाल सकारात्मक आला, हे वाचून घरचे सुटकेचा श्वास टाकतील, आणि इकडे त्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडलेले असतील. उलट ‘नकारात्मक’ वाचून निरोगी माणूस घाबरेल. प्रयोगशाळेच्या कागदावर इंग्रजीत तेच दोन शब्द छापलेले असतात, बोलतानाही सगळे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच म्हणतात. म्हणून शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उघडून सांगा : ‘निकाल पॉझिटिव्ह आला, म्हणजे जंतू सापडले.’ तपासणी बदलली की हा अर्थही बदलतो. गरोदरपणाच्या चाचणीत पॉझिटिव्ह म्हणजे दिवस गेले आहेत. त्यामुळे एकच वाक्य सगळीकडे चिकटवता येत नाही.

‘कल्चर’ ची ‘संस्कृती’ केलेलीही मी पाहिली आहे. ‘लघवीची संस्कृती तपासावी लागेल.’ हसून झाल्यावर भाषांतर करणाऱ्याला विचारलं, बाबा, ही तपासणी असते काय? माहीत नव्हतं. लघवीतले जंतू वाढवून ते कोणते आहेत नि कोणत्या औषधाला दबतात ते बघतात, म्हणून तिचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. एवढं कळलं असतं तर ‘लघवीचं कल्चर’ असं ठेवून पुढे हेच एका वाक्यात लिहिता आलं असतं. वस्तू काय आहे ते ठाऊक नसताना तिचा शब्द बदलायचा की ठेवायचा, हे ठरवणार कसं?

पण सगळंच इंग्रजी ठेवण्याचा आळसही नको. ताप, सूज, मळमळ, चक्कर यांना घरचे शब्द आहेत. ‘स्वेलिंग आल्यास कळवा’ हे कुणासाठी लिहिलंय?

ब्रँडची नावं

मुळात ब्रँड असेल तर ब्रँड, औषधाचं नाव असेल तर औषधाचं नाव. मुळात ‘ओआरएस’ असताना सवयीने ‘इलेक्ट्रॉल’ लिहिलं, की पेशंट नेमकं तेच नाव धरून दुकानं पालथी घालतो आणि समोर असलेलं दुसऱ्या कंपनीचं तेच औषध नाकारतो. ‘अँटिसेप्टिक’ चं ‘डेटॉल’ करणं हीसुद्धा तीच सवय. बोलताना चालतं, छापताना नाही. आणि ब्रँडच्या नावाचा अर्थ कितीही उघड दिसला तरी भाषांतर करायचं नाही. गोळीच्या पट्टीवर नाव रोमन लिपीत असतं, म्हणून मी देवनागरी उच्चाराशेजारी पट्टीवरचं स्पेलिंग तसंच ठेवायला सांगते. पेशंटच्या नातवाला निदान अक्षरं जुळवून बघता येतात.

आता उरलेल्या, पटापट

पाटीवर ‘ओपीडी’ असेल तर कागदावर ‘बाह्यरुग्ण विभाग’ लिहून माणसाला जिन्यांवर फिरवू नका. पाटीवर जे, तेच कागदावर.

ऑपरेशन थिएटरचं ‘नाट्यगृह’ होत नाही. हे सांगावं लागतं.

एकच शब्द पान तीनवर ‘सोनोग्राफी’ आणि पान नऊवर ‘अल्ट्रासाऊंड’ झाला, की पेशंटला दोन तपासण्या वाटतात.

आणि मोजमापं. थायरॉइडची थायरॉक्सिनची गोळी 25, 50, 100 अशा मायक्रोग्रॅममध्ये असते. इंग्रजी कागदावरचं `mcg` घाईत ‘मि.ग्रॅ.’ झालं, की आकडा तोच राहून मात्रा हजारपट होते. मी इथे संक्षेप वापरतच नाही. ‘मायक्रोग्रॅम’ पूर्ण लिहिते, जागा कमी पडली तर अक्षर लहान करून घेते.