गेमचा इन्स्टॉलर जपून ठेवायची तयारी

विकत घेण्याआधी एकच गोष्ट नीट बघून घ्या: दुकान इन्स्टॉलरची फाइल हातात देतं, की फक्त स्वतःच्या लाँचरमधून गेम चालवू देतं. २००८ साली सुरू झालेल्या GOG वर जवळपास प्रत्येक गेमची ऑफलाइन इन्स्टॉलर फाइल उतरवता येते. itch.io वरही बहुतेक गेम साध्या फाइल म्हणून मिळतात. काही दुकानं मात्र पैसे घेऊन दुसऱ्याच दुकानाची अ‍ॅक्टिव्हेशन की देतात, म्हणून खरेदीच्या पानावरचा मजकूर शेवटपर्यंत वाचा. मल्टिप्लेअरला कधी कधी लाँचर लागतोच, तेही तिथेच कळतं.

गेम घेतला की त्याच दिवशी फाइल उतरवा. GOG वर त्यांच्या लाँचरमधून न घेता, साइटवर आपल्या लायब्ररीत गेम उघडून ऑफलाइन इन्स्टॉलर निवडा. मोठा गेम तुकड्यांत येतो: एक `setup_….exe` आणि सोबत `-1.bin`, `-2.bin`. हे सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये हवेत आणि नावं जशीच्या तशी हवीत. माझ्याकडून एकदा `-2.bin` उतरवायची राहिली होती. इन्स्टॉल व्यवस्थित सुरू झालं आणि मध्येच पुढची डिस्क घाला म्हणून खिडकी आली. डिस्क कुठली, हरवला होता तो तुकडा! डीएलसीचे इन्स्टॉलर बहुधा वेगळे असतात, ते याच फोल्डरमध्ये ठेवा.

मग त्या फोल्डरमध्ये पॉवरशेल उघडून प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा कोड, काढून ठेवा:

```
Get-FileHash *.exe, *.bin | Format-List | Out-File hash.txt
```

एक बाइट जरी बदलला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो, त्यामुळे कॉपी करताना किंवा डिस्क जुनी होताना फाइल बिघडली तर पुढे सहज पकडता येते. पण डाउनलोडच अर्धवट झाला असेल, तर हा हॅश अर्धवट फाइलचाच निघेल. म्हणून नेट बंद करून गेम एकदा इन्स्टॉल करा, सुरू करून पाहा, आणि मगच पुढे जा.

त्यानंतर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि त्यातली एक घराबाहेर ठेवा. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणार असेल तर एसएसडीपेक्षा साधी हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळता पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरत जातो. फॉरमॅट एक्सफॅट किंवा एनटीएफएस असू द्या. फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. कॉपी झाली की तिथेच हॅश पुन्हा काढा, पण वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये, म्हणजे जुनी यादी पुसली जाणार नाही, आणि दोन्हींतले हॅश जुळतात का ते बघा.

गेमचं नवं व्हर्जन आलं तर जुना इन्स्टॉलर लगेच उडवू नका. नवा तपासून, दोन्ही डिस्कवर पोचल्यावरच जुना काढा. सेव्ह फाइल इन्स्टॉलरमध्ये नसतात, त्या बहुधा `Documents` किंवा `AppData` मध्ये सापडतात. त्यांची कॉपी वेगळी घ्या.