विम्याचे पैसे ‘पाठवले’ म्हणतात, खात्यात मात्र आलेच नाहीत? या चुका टाळा

बडोद्यात विम्याची कामं करता करता मला सत्तावीस वर्षं झाली. क्लेम नाकारला म्हणून रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत. पण क्लेम मंजूर आहे, रक्कमही सुटली आहे आणि तरी पैसे मिळत नाहीत, अशी माणसं हल्ली जास्त येतात. कारण दर वेळी तेच निघतं. पॉलिसीवर नोंदलेलं बँक खातं जुनं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘हप्ता नव्या खात्यातून कापला जातोय, म्हणजे कंपनीकडे माझं नवं खातं आहेच’ असं धरून चालणं. हप्ता कापायची परवानगी आणि रक्कम द्यायचं खातं या दोन वेगळ्या नोंदी असतात. ऑटो डेबिट बदललं की पहिली बदलते. दुसरी मात्र अनेकदा पॉलिसी घेताना भरली तशीच पडून राहते. अॅपवर घाईघाईने ‘बँक डिटेल्स अपडेट’ करणारी तरुण मंडळी इथेच फसतात, कारण आपण दोनपैकी काय बदललं हे ते वाचतच नाहीत.

आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंचं उदाहरण सांगते. निवृत्त शिक्षिका, वीस वर्षांची एन्डोमेंट पॉलिसी, मार्च २०२३ मध्ये मुदत संपली. तीन लाखांच्या वर रक्कम होती आणि त्यातून पावसाळ्याआधी घराची गच्ची दुरुस्त करायची होती. २९ मार्चला मेसेज आला की रक्कम आपल्या खात्यात पाठवली आहे. काकूंनी पासबुक भरून आणलं, त्यात काही नाही. चार दिवस थांबल्या, मग पंधरा दिवस, मग महिना. मेमध्ये विमा कंपनीच्या शाखेत गेल्या, तर खिडकीवरच्या मुलाने स्क्रीन पाहून सांगितलं, “काकी, पैसा तो मोकली दीधा छे. बँकमां पूछो.” म्हणजे पैसे तर पाठवलेत, बँकेत विचारा. बँकेत विचारलं तर ते म्हणाले, आमच्याकडे काहीच आलेलं नाही. दोन्हीकडची माणसं खरं बोलत होती.

काकूंचं जुनं खातं विलीन झालेल्या एका बँकेतलं होतं. आपल्याकडे हे फार घरांत घडलं आहे. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. ग्राहकांना नवे खाते क्रमांक मिळाले आणि १ मार्च २०२१ पासून जुने आयएफएससी कोड बंद झाले. देनाचे कोड BKDN ने सुरू व्हायचे, विजयाचे VIJB ने, आता ते BARB0 ने सुरू होतात. बँकेने आपल्याकडचं सगळं बदललं, पण तुमच्या पॉलिसीवरची नोंद बदलणं बँकेच्या हातात नव्हतंच. ती तुम्हीच बदलायची होती.

आता दुसरी मोठी चूक, मेसेज आला म्हणजे पैसे निघाले आणि वाटेत कुठेतरी आहेत असं समजून वाट पाहणं. एनईएफटीमध्ये पैसे वाटेत अडकून बसत नाहीत. समोरच्या बँकेला ते जमा करता आले नाहीत, तर ज्या बॅचमधून, म्हणजे एकत्र पाठवलेल्या पेमेंटच्या गटातून ते आले, ती पूर्ण झाल्यापासून दोन तासांत परत पाठवावे लागतात. म्हणजे काकूंचे पैसे त्याच दिवशी कंपनीकडे परत गेले होते आणि दीड महिना तिथल्या एका वेगळ्या हिशेबात पडून होते. स्क्रीनवर मात्र ‘पेड’ हीच नोंद दिसत होती.

म्हणून ‘पैसे आले का?’ असं विचारू नका. यूटीआर नंबर, म्हणजे त्या एका पेमेंटचा ओळख क्रमांक मागा. एनईएफटीचा हा नंबर सोळा अक्षरांचा असतो. मग विचारा, हे पेमेंट परत आलं आहे का, कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने, आणि ज्या खात्यावर पाठवलं त्याचे शेवटचे चार आकडे कोणते. काकूंच्या बाबतीत ते चार आकडे ऐकताच सगळा उलगडा झाला. माझा नियम असा आहे की मेसेजनंतर दोन दिवसांत पैसे दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाखेत असते.

त्यानंतर काकूंनी नव्या खात्याचा फॉर्म दिला, तोही एकदा परत आला. रद्द केलेल्या चेकवर त्यांचं नाव छापलेलं नव्हतं. नाव नसेल तर पासबुकाचं पहिलं पान किंवा बँकेचं स्टेटमेंट जोडावं लागतं, आणि त्यावर नाव, खाते क्रमांक, आयएफएससी तिन्ही स्पष्ट दिसायला हवेत. व्हॉट्सअॅपवर काढलेला तिरका फोटो मी स्वतः कधीच पाठवत नाही. पैसे अखेर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आले. तोवर पाऊस सुरू झाला होता आणि गच्ची तशीच राहिली. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या पॉलिसीची नोंद मीही तपासायला हवी होती.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक पॉलिसीसाठी एक पान आहे. रक्कम कोणत्या खात्यात येणार त्याचे शेवटचे चार आकडे, आणि कंपनीने ते लेखी कधी कळवलं ती तारीख. फॉर्म दिल्याची शिक्का मारलेली पोच वेगळी आणि बदल नोंदला गेल्याचं पत्र वेगळं. मी पत्र हातात आल्याशिवाय पान पूर्ण करत नाही. मुदत संपायच्या तीन महिने आधी हे पान पुन्हा उघडते. एकाच माणसाच्या तीन पॉलिसी असतील तर तिन्हींवर बदल झाला का, हे वेगवेगळं विचारते.

आयएफएससी लिहिताना पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, ओ नव्हे.

खाते क्रमांकाचा एखादा आकडा चुकला तर बंद खात्यापेक्षा वाईट घडू शकतं. एनईएफटीत बँक फक्त खाते क्रमांकावरून रक्कम जमा करू शकते, नाव जुळवून पाहतेच असं नाही. तो क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला तर पैसे परत येत नाहीत, मागून मिळवावे लागतात. कंपनी आधी एक रुपया पाठवून खातं तपासत असेल तर ते करून घ्या.

मुलाच्या खात्यात टाका, असं सांगू नका. रक्कम ज्याची, खातं त्याच्याच नावाचं लागतं. विमाधारक वारला असेल तर पॉलिसीवरचं त्याचं खातं उपयोगाचं नाही, नॉमिनीने स्वतःचं द्यायचं. लग्नानंतर नाव बदललेल्या लेकींनी आधी बँकेतलं आणि पॉलिसीतलं नाव जुळवून घ्यावं.

जुन्या पॉलिसीचे पैसे आले की नाही हेच आठवत नसेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमा शोधायची सोय असते. पॉलिसी क्रमांक, नाव, जन्मतारीख किंवा पॅन टाकून पाहा. दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. तिथूनही पुढची पंचवीस वर्षं मागता येते, पण कागद जमवायला जीव जातो.

आणि ‘तुमचा क्लेम अडकलाय, सोडवायला फी भरा’ असा फोन आला तर तो तिथेच ठेवा. परत आलेलं पेमेंट पुन्हा पाठवायला कोणतीही विमा कंपनी पैसे मागत नाही.