कट आणि कलरचे दर ठरवताना या चुका टाळा: लांबी मोजता, मग दाटपणा का नाही?

छोट्या सलूनमध्ये दरपत्रक लावायची वेळ आली की बहुतेक जण एकच शिडी काढतात. कानापर्यंत, खांद्यापर्यंत, पाठीपर्यंत, कमरेपर्यंत. प्रत्येक पायरीला एक भाव, आणि तोच भाव कटलाही आणि कलरलाही. नवीन सलून उघडणाऱ्या मुली माझ्याकडे दर विचारायला येतात, तेव्हा दहातल्या आठ जणींच्या कागदावर ही शिडी असते. मीही सुरुवातीची तीन वर्षं अशीच शिडी चालवली. त्या तीन वर्षांत पैसे कुठे गळत होते ते मला उमगायला एक फसलेला कलर लागला.

त्या बाईंनी आधी फोटो पाठवला होता. केस कुरळे, कोरडे, खांद्यावर टेकलेले. माझ्या हाताखालच्या मुलीने फोटो बघून 'खांद्यापर्यंत'चा भाव सांगून टाकला. बाई आल्या, मीही फार बघितलं नाही, एक ट्यूब पिळली आणि कामाला लागले. मानेच्या वरचे दोन भाग होईपर्यंत बाऊल रिकामा झाला होता आणि अर्ध्याहून जास्त डोकं बाकी होतं. दुसरी ट्यूब उघडली. ती टाळूजवळ संपली. मग तिसरीतली अर्धी. लावून होईपर्यंत पावणेदोन तास गेले. पुढचे केस लावून होईस्तोवर मानेवरच्या केसांवर कलर दीड तासाहून जास्त राहिला होता. धुतल्यावर मागचा भाग गडद आणि पुढचा एक छटा उजळ. तो सारखा करायला पुढच्या भागावर पुन्हा हात फिरवावा लागला, त्याचे पैसे अर्थातच मी घेतले नाहीत.

हिशोब मांडते. तुमच्याकडे भाव काहीही असो, एका ६० ग्रॅमच्या ट्यूबची किंमत १०० धरा आणि तिच्याबरोबरच्या ९० ग्रॅम डेव्हलपरची ३०. म्हणजे एक बाऊल १३०चा. खुर्चीचा तासाचा खर्च, म्हणजे भाडं, वीज, पगार, टॉवेल सगळं धरून, १२० समजा. सांगितलेला भाव ५०० होता. ठरल्याप्रमाणे दोन तास आणि एक बाऊल लागला असता तर खर्च ३७० आणि हातात १३० राहिले असते. झालं काय? अडीच बाऊल म्हणजे ३२५, साडेतीन तास म्हणजे ४२०, एकूण ७४५. एवढा वेळ उभं राहून मी २४५ गमावले. त्या बाईंकडे जादा मागायला गेले तर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हीच सांगितलेला भाव आहे." त्यांचं बरोबर होतं.

चूक लांबीची नव्हतीच. कलर किती लागणार हे लांबी एकटी कधीच ठरवत नाही. कमरेपर्यंत येणारी पण बोटाएवढी वेणी एका ट्यूबमध्ये भागू शकते, आणि खांद्यापर्यंतचे दाट कुरळे केस तीन ट्यूबा खातात. शिवाय कुरळे केस कोरडे असताना खरी लांबी दाखवतच नाहीत. त्या बाईंची मानेजवळची एक बट मी नंतर ताणून बघितली, तर ती पाठीच्या मध्यापर्यंत आली.

तेव्हापासून भाव सांगण्याआधी मी दोन गोष्टी करते आणि त्याला एक मिनिटही लागत नाही. पहिली, मानेजवळची एक आणि टाळूवरची एक बट हलक्या हाताने ताणून टोक कुठे येतं ते बघते. दुसरी, सगळे केस मागे एका पोनीत धरून तिचा घेर मोजपट्टीने घेते. घेर ५ सेंटीमीटरच्या आत असेल तर केस पातळ, ५ ते १० मध्यम, १०च्या वर दाट. नुसत्या हाताच्या अंदाजावर मी जात नाही, कारण कोरडे, फुललेले केस हाताला दाट लागतात आणि तेल लावलेले पातळ. फोटोवरून भाव तर मी आता अजिबात सांगत नाही, फक्त 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' एवढंच सांगते. त्यावर काही जणी नाराज होतात. होऊ द्या.

दुसरी चूक, जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो: वजन न करणं. 'अंदाजे पाऊण ट्यूब', 'थोडं डेव्हलपर', 'बाऊल भरेल एवढं'. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा कोपऱ्यात ठेवा. बाऊल ठेवून आकडा शून्यावर आणा, कलर पिळा, वजन लिहा. पुन्हा शून्य करून डेव्हलपर ओता. मिश्रणाचं प्रमाण ट्यूबच्या पाकिटावर छापलेलं असतं. बऱ्याच क्रीम कलरना एकास दीड, काहींना एकास एक, आणि जास्त उजळ करणाऱ्यांना एकास दोन. ते तसंच पाळा. काम झाल्यावर बाऊलमध्ये उरलेलं परत मोजा. ६० ग्रॅम कलर आणि ९० ग्रॅम डेव्हलपर म्हणजे १५० ग्रॅम मिश्रण. ३० उरलं तर केसांना लागलं १२०, त्यात कलर ४८ ग्रॅम. हा आकडा त्या गिऱ्हाइकाच्या कार्डावर जातो. पुढच्या वेळी मी ५० ग्रॅमच पिळते.

उरलेलं मिश्रण कामाचं नसतं, हे नव्या मुलींना पुन:पुन्हा सांगावं लागतं. डेव्हलपरमध्ये मिसळल्या क्षणापासून कलरची प्रक्रिया सुरू होते आणि ती बाऊलमध्येही थांबत नाही. दुपारच्या गिऱ्हाइकासाठी सकाळचं मिश्रण झाकून ठेवलं तर रंग बसत नाही. घट्ट झाकणाच्या बाटलीत भरलं तर आत वायू साठून बाटली फुटू शकते. म्हणून मी आधी लागेल असं वाटतं त्याच्या दोन तृतीयांशच कालवते. अर्धं डोकं झालं की बाऊलकडे बघते आणि लागेल तेवढं त्याच प्रमाणात ताजं कालवते. जी उधळपट्टी होते ती बहुतेक वेळा 'उगाच मधे थांबायला नको' या घाईतून होते.

याच घाईतून एक आडवाट निघते आणि ती मला मुळीच मान्य नाही. मिश्रण कमी पडतंय असं दिसलं की त्यात आणखी डेव्हलपर ओतायचं आणि पातळ करून भागवायचं. रंगद्रव्य तेवढंच आणि ते जास्त केसांवर पसरलेलं. उन्हात गेल्यावर कानशिलावरचे पांढरे केस पारदर्शक दिसायला लागतात, आणि गिऱ्हाईक दोन आठवड्यांत परत येतं, तेही तक्रार घेऊन. वाचवलेले वीस ग्रॅम फुकट दुसऱ्या कामात जातात.

आता रूट टच-अप. इथे शिडी उलट्या बाजूने अन्याय करते. माझ्याकडे कमरेपर्यंत केस असलेल्या एक ताई आहेत, आधीच्या सलूनने त्यांच्याकडून दर महिन्याला 'कमरेपर्यंत'चे पैसे घेतले होते. काम काय, तर मुळाशी आलेली बोटभर पांढरी रेघ. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. त्या रेघेला कलर लावायला कानापर्यंतचे केस असोत की गुडघ्यापर्यंतचे, माल जवळजवळ सारखाच लागतो, कारण तिथे डोक्याचा घेर आणि दाटपणा चालतो, लांबी नाही. त्या ताईंना माझ्याकडे ३५ ग्रॅम कलर लागतो. लांब केस बाजूला करत भांग पाडायला दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात, तेवढी मी धरते. बाकी काही नाही.

मात्र चार-पाच महिन्यांनी येऊन 'फक्त टच-अप' म्हणणाऱ्यांचं काम वेगळं असतं. वाढ दोन बोटांच्या पुढे गेली की माल वाढतोच, शिवाय टाळूच्या उष्णतेमुळे मुळाजवळचे केस लवकर रंग घेतात आणि त्यापुढचे मागे राहतात. मग आधी पुढच्या पट्ट्याला लावून नंतर मुळाला यावं लागतं. हे दोन टप्प्यांचं काम आहे आणि त्याचा भाव दरपत्रकावर वेगळा असायला हवा. माझ्या भिंतीवर तो आहे: 'वाढ दोन बोटांपर्यंत' आणि 'वाढ दोन बोटांच्या पुढे'.

कटचं थोडक्यात सांगते. कटचा भाव लांबीवर नव्हे, वेळेवर आणि कामावर ठेवा. कमरेपर्यंतचे सरळ केस खालून एका रेषेत कापायला वीस मिनिटं पुरतात, कानापर्यंतचा थर देऊन बसवलेला कट पाऊण तास घेतो. लांब केसांत खरा वेळ जातो तो धुण्यात आणि वाळवण्यात, म्हणून ब्लो ड्रायचा भाव वेगळा लिहा आणि तो लांबी-दाटपणावर ठेवा.

कलरचा माझा भाव असा बांधलेला असतो: कामाचे पैसे, त्यात ६० ग्रॅम कलर आणि त्याचं डेव्हलपर. त्यापुढे दर १५ ग्रॅमला ठरलेली रक्कम. खुर्चीत बसवण्याआधी घेर मोजून मी सांगते, "तुम्हाला ९० ग्रॅमच्या आसपास लागेल. त्याहून जास्त लागला तर तो माझा." ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. अर्ध्या डोक्याला कलर लागलेला असताना 'आणखी एक ट्यूब उघडू का' असं विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे. त्या बाई उठून जाऊ शकत नाहीत. अंदाज करणं माझं काम आहे, चुकला तर भार माझ्यावर.

काही चुका एका ओळीत सांगून टाकते. ब्लीच आणि कलर एकाच भावात कधीही विकू नका. ब्लीचनंतर टोनर बहुतेक वेळा लागतोच, तो मोजलेला नसतो. आधीचा गडद रंग काढायचा असेल तर तो कलर नव्हे, वेगळं काम आहे. हातमोजे, फॉइल आणि ४८ तास आधीच्या पॅच टेस्टचा वेळ खुर्चीच्या खर्चात धरा. आणि कार्ड लिहायला 'उद्या लिहू' म्हणू नका.

त्या कुरळ्या केसांच्या बाई वर्षभराने परत आल्या. मी पोनीचा घेर घेतला, १२ सेंटीमीटर भरला. कार्डावर आधीचा आकडा होता, १५० ग्रॅम. त्यावरून होणारा भाव मी आधीच सांगितला, त्यांनी क्षणभर विचार केला आणि खुर्चीत बसल्या. या वेळी मी मागून सुरुवात करताना हाताखालच्या मुलीला पुढून सुरुवात करायला लावली. पन्नास मिनिटांत लावून झालं आणि बाऊलमध्ये २० ग्रॅम मिश्रण उरलं.