साफ केलेल्या शीटसोबतची चिठ्ठी: तारखांचं नीट लिहा

बडोद्यातल्या आमच्या वाचनालयाची सभासद-यादी साफ करून ताईंकडे पाठवली, तेव्हा चिठ्ठीत आधी ओळींचा हिशेब दिला: आल्या १२४०, सगळे रकाने सारखे असलेल्या ३८ दुबार ओळी काढल्या, उरल्या १२०२. नाव एकच पण फोन वेगळा, अशा ओळी ठेवल्या.

खरी जपायची गोष्ट म्हणजे तारीख. यादीत दिवस आधी, महिना नंतर लिहिलेला होता, पण फाइल उघडली ती अमेरिकन सेटिंगच्या एक्सेलमध्ये. त्यामुळे ०३/०४/२०२३, म्हणजे ३ एप्रिल, गुपचूप ४ मार्च झाली. २५/०४ मात्र बसेना, कारण पंचविसावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहिली. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे, आणि उजवीकडच्या एकाही तारखेत दिवस १२ च्या पुढे नाही, असं दिसलं की ओळखावं.

डावीकडच्या ७३१ तारखांचं मी तारखेत रूपांतर केलं. उजवीकडच्या ४७१ उलटवल्या:

```
=DATE(YEAR(C2),DAY(C2),MONTH(C2))
```

चिठ्ठीत दोन्ही आकडे, हे सूत्र आणि एक सूचना लिहिली: "तारखा सरळ केल्या आहेत, पुन्हा उलटवू नका." ही ओळ नसती तर शंका आल्यावर ताईंनी त्या परत फिरवल्या असत्या आणि चूक कुठेच दिसली नसती. पडताळणीसाठी आधीचा रकाना ‘मूळ तारीख’ नावाने शेजारीच ठेवला आहे.