आईबाबांची आरोग्य पॉलिसी काढताना: प्रस्तावक कोण, विमा कोणाचा, हप्ता कोणाच्या खात्यातून?

आईवडिलांसाठी पॉलिसी काढायची ठरली की बहुतेक घरांत चर्चा कंपनीची आणि रकमेची होते. फॉर्मवर कोणाचं नाव कुठे जाणार हे कुणी ठरवत नाही. ज्याच्या हातात मोबाइल असतो तो आपलं नाव पहिल्या रकान्यात टाकतो, हप्ता ज्याच्या कार्डवर ऑफर असेल त्याच्याकडून जातो, आणि दोन वर्षांनी दाव्याचे पैसे भलत्याच खात्यात जमा झाले की सगळे एकमेकांकडे बघतात. गेली काही वर्षं मी लोकांचे असे फॉर्म भरून घेतोय. त्यातल्या निम्म्या गुंत्यांचं मूळ याच एका रकान्यात असतं.

तीन भूमिका वेगळ्या आहेत. प्रस्तावक, म्हणजे फॉर्मवरचा ‘प्रपोजर’, हा कंपनीशी करार करणारा माणूस. सही त्याची, केवायसी त्याची, माहिती खरी असल्याची जबाबदारीही त्याची. विमित व्यक्ती म्हणजे जिच्या आजारपणाचा खर्च कंपनी उचलणार ती. इथे आई आणि बाबा. प्रस्तावक स्वतः विमित असलाच पाहिजे असं नाही. मुलगी प्रस्तावक आणि पॉलिसीत फक्त आईबाबा, हे अगदी नेहमीचं आहे. तिसरा हप्ता भरणारा. कराराच्या दृष्टीने तो कुणीच नसतो, पण आयकर खातं नेमकं त्यालाच शोधतं.

पहिली पायरी: दाव्याचे पैसे कुठे यायला हवेत ते ठरवा

कॅशलेस दाव्यात पैसे थेट हॉस्पिटलला जातात, म्हणून हा प्रश्न सुचत नाही. पण हॉस्पिटल कंपनीच्या यादीत नसेल किंवा कॅशलेस नाकारलं गेलं, तर आधी बिल आपण भरायचं आणि मग परतावा मागायचा. हा परतावा साधारणपणे प्रस्तावकाच्या बँक खात्यात येतो. रद्द केलेला चेकही त्याच्याच खात्याचा मागतात. पॉलिसी मुदतीआधी बंद केली, किंवा सुरुवातीच्या 30 दिवसांच्या फ्री लूक मुदतीत परत केली, तरी परताव्यावर हक्क त्याचाच.

आता बाबा प्रस्तावक आहेत आणि बाबाच आयसीयूमध्ये आहेत असं समजा. बिल मुलाने स्वतःच्या बचतीतून भरलंय. ओटीपी बाबांच्या फोनवर येतोय, फोन कुणाच्या तरी पिशवीत बंद पडलाय, आणि परतावा येणार तो बाबांच्या खात्यात. दुर्दैवाने त्याच आजारपणात बाबा गेले तर ती रक्कम नॉमिनीकडे जाते. म्हणून धावपळ ज्याच्या वाट्याला येणार आहे त्यानेच प्रस्तावक व्हावं, असं माझं मत आहे. उलट बाबा धडधाकट असतील, व्यवहार स्वतः बघत असतील आणि मुलं परदेशात असतील, तर बाबांनीच प्रस्तावक असणं सोयीचं. त्या वेळी मोबाइल नंबर आणि ईमेल मात्र असे द्या की नूतनीकरणाची आठवण कुणीतरी वाचेल.

नॉमिनीच्या रकान्यात पॉलिसीतल्याच आजारी पालकाचं नाव टाकण्याची सवय आहे. प्रस्तावक मुलगा असेल तर त्याची बायको किंवा बहीण नॉमिनी ठेवणं जास्त कामाचं.

दुसरी पायरी: फॉर्म आईबाबांच्या शेजारी बसून भरा

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे. माहिती असते विमित व्यक्तीला, आणि सही करतो प्रस्तावक. वेगळ्या गावात राहणाऱ्या मुलाला वडिलांची ‘थोडी शुगर आहे’ एवढंच ठाऊक असतं. ती थोडी शुगर आठ वर्षांची आहे, मध्यंतरी गोळी बदलली होती, एकदा छातीत दुखलं म्हणून ईसीजी काढला होता, हे त्याला कोण सांगणार? वडील तर मुलाला काळजी नको म्हणून गप्प असतात.

मग फॉर्मवर ‘मधुमेह: नाही’ असं जातं. पुढे दाखल होताना डॉक्टर विचारतात, ‘शुगर कधीपासून?’ वडील प्रामाणिकपणे सांगतात, ‘झाली आठ-दहा वर्षं.’ ते केसपेपरवर उतरतं, तिथून डिस्चार्ज कार्डावर, आणि कंपनी ते फॉर्मशी ताडून बघते. आजार लपवला या कारणावरून दावा नाकारला जातो, कधी पॉलिसीही रद्द होते. ‘मला माहीत नव्हतं’ हे प्रस्तावकाचं उत्तर त्या वेळी फारसं उपयोगी पडत नाही.

म्हणून गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवा, जुन्या फाइली उघडा, आणि कोणता आजार कोणत्या वर्षापासून ते लिहून काढा. कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आईबाबांना येतो. त्यांनी फोनवर सांगितलेलं आणि तुम्ही फॉर्मवर लिहिलेलं जुळायला हवं. आजार सांगितला म्हणून पॉलिसी मिळणारच नाही असं नसतं. हप्ता वाढू शकतो, आणि आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळायला जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं, हाच प्रतीक्षा काळ. सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर माहिती दिली नाही या कारणाने दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक तेवढी वेगळी. पण पाच वर्षं निभावून नेऊ, या हिशेबाने साठीच्या माणसाची पॉलिसी काढणं हा जुगार झाला.

पॉलिसी हातात आल्यावर तिच्यासोबत आलेली फॉर्मची प्रत वाचा. एजंटने घाईत एखादं ‘नाही’ टिक केलं असेल तर फ्री लूकचे 30 दिवस त्यासाठीच आहेत.

तिसरी पायरी: हप्ता नेमक्या खात्यातून जाऊ द्या

आयकराच्या जुन्या करप्रणालीत, ज्याला सगळे 80D म्हणतात त्या कलमाखाली, आईवडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वजावट मिळते. पालक 60 किंवा त्याहून मोठे असतील तर वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत, नसतील तर 25,000 पर्यंत. स्वतःच्या कुटुंबाची मर्यादा याहून वेगळी. आईवडील तुमच्यावर अवलंबून असण्याची अट नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाही आणि ही पायरी तुम्हाला बरीच सोपी आहे.

वजावट मिळते ती ज्याने रोख सोडून अन्य मार्गाने पैसे भरले त्याला. प्रस्तावक मुलगा असला पण हप्ता बाबांच्या पेन्शन खात्यातून गेला, तर मुलाला वजावट मागता येत नाही. उलट बाबा प्रस्तावक असून हप्ता मुलीच्या खात्यातून गेला असेल तर ती मागू शकते. अडचण एवढीच, की कंपनीचं 80D प्रमाणपत्र बाबांच्या नावाने निघतं. तिने बँकेचं स्टेटमेंट आणि पॉलिसीची प्रत जपून ठेवायची. भरणारा आणि प्रस्तावक वेगळे असतील तर काही कंपन्या नात्याचा पुरावाही मागतात.

एजंट कधी म्हणतो, ‘मी भरून टाकतो, तुम्ही मला नंतर द्या.’ तेवढं टाळा. त्याच्या कार्डवरून हप्ता गेला आणि तुम्ही त्याच्या हातात रोख ठेवली, की तुम्ही हप्ता भरल्याचा कागदच उरत नाही.

सासूसासऱ्यांचा घोळ तर घरोघरी. जावई त्यांची पॉलिसी काढू शकतो, अनेक कंपन्या ते नातं मान्य करतात. पण 80D मध्ये ‘पालक’ म्हणजे स्वतःचे आईवडील. सासऱ्यांच्या हप्त्यावर जावयाला वजावट नाही. तो हप्ता बायकोच्या खात्यातून गेला तर तिला मिळते, तिचं करपात्र उत्पन्न असेल तर.

भावाबहिणीचा हिशेब

एक उदाहरण आकड्यांसह बघू. वडील 67, मधुमेह आहे. आई 63, तशी ठणठणीत. भाऊ आणि बहीण दोघंही कमावते, दोघंही जुन्या करप्रणालीत आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यात. खर्च दोघांनी उचलायचा ठरलंय.

त्यांचा पहिला बेत होता दोघा पालकांची एकच फॅमिली फ्लोटर, म्हणजे विम्याची एकच रक्कम दोघांत मिळून, हप्ता 60,000. भाऊ प्रस्तावक, तोच पूर्ण हप्ता भरणार, आणि बहीण त्याला 30,000 पाठवणार. कागदावर काय दिसतं? भावाने 60,000 भरले. त्याला वजावट 50,000 चीच, वरचे 10,000 वाया. बहिणीने भावाला पैसे दिले, विमा कंपनीला नाही, त्यामुळे वजावट मागायला तिच्याकडे भक्कम पुरावा नाही.

त्यांनी बेत बदलून दोन स्वतंत्र पॉलिसी घेतल्या. वडिलांची 38,000 ची, प्रस्तावक भाऊ, त्याच्याच खात्यातून. आईची 24,000 ची, प्रस्तावक बहीण, तिच्या खात्यातून. एकूण हप्ता 2,000 ने वाढला. पण आता दोघांना पूर्ण वजावट मिळते, म्हणजे 50,000 ऐवजी 62,000 वर. वाढलेल्या 12,000 वर 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर धरला तर 3,744 रुपये वाचले. वाढीव हप्ता वजा जाता हातात उरतात 1,744. तेवढ्यासाठी हा खटाटोप करा असं मी म्हणणार नाही. खरा फायदा दुसराच झाला: वडिलांच्या आजारपणाने आईच्या विम्याची रक्कम संपणार नाही, आणि आईच्या दाव्याचा परतावा तिला सांभाळणाऱ्या मुलीच्याच खात्यात येईल. भावाने जास्त भरले त्याची तडजोड त्यांनी घरात करून घेतली.

तीन वर्षांचा हप्ता एकदम भरणार असाल तर वजावट तीन वर्षांत समान वाटली जाते, पहिल्याच वर्षी पूर्ण मागू नका. आणि विवरणपत्रात आता कंपनीचं नाव व पॉलिसी क्रमांक लिहावा लागतो, तेव्हा ‘भाऊ बघतो ते’ म्हणून चालत नाही; पॉलिसीची प्रत बहिणीकडेही हवी.

आधीच चुकीचं नाव पडलं असेल तर

हप्ता भरणारा बदलणं सोपं आहे: पुढच्या नूतनीकरणाला योग्य खात्यातून भरा, जुना ऑटोपे आठवणीने बंद करा. प्रस्तावक बदलायला कंपनीकडे लेखी अर्ज, नव्या माणसाची केवायसी आणि नात्याचा पुरावा लागतो, आणि ते सहसा नूतनीकरणाच्या वेळीच होतं. त्यासाठी जुनी पॉलिसी सोडून नवीन मात्र काढू नका. आईबाबांनी काढलेला प्रतीक्षा काळ जुन्या पॉलिसीवर जमा आहे, नव्या पॉलिसीत तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाईल. अर्जात ‘विमित व्यक्ती त्याच, फक्त प्रस्तावक बदल’ असं स्पष्ट लिहा. नवीन कागद आला की आधी पॉलिसी सुरू झाल्याची मूळ तारीख तपासा. ती बदललेली दिसली तर त्याच दिवशी ईमेल करा.