लग्नाचं इंग्रजी माहितीपत्रक करताय? या चुका टाळा

अमराठी पाहुण्यांसाठी विधींची इंग्रजीतली घडीपत्रिका हल्ली बऱ्याच लग्नांत असते. तिच्यातला मजकूर बहुतेक वेळा नेटवरून उचललेला असतो, आणि नेटवरचा ‘हिंदू वेडिंग’ म्हणजे बहुधा उत्तरेकडचं लग्न. पाहुणा वाचतो एक आणि मांडवात पाहतो दुसरंच.

सगळ्यात जास्त घोळ मुहूर्ताचा. त्याला ‘ऑस्पिशस टाइम’ म्हटलं की अर्थ चुकत नाही, पण पाहुणा हमखास चुकतो. पंजाबी किंवा गुजराती घरातून आलेल्या माणसाला पत्रिकेवरची वेळ म्हणजे समारंभ सुरू होण्याची वेळ वाटते, म्हणून तो निवांत अर्ध्या तासाने येतो. आपल्याकडे १२ वाजून २३ मिनिटांचा मुहूर्त म्हणजे आंतरपाट दूर होऊन माळा घातल्या जाण्याचा क्षण. मंगलाष्टकं त्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच सुरू झालेली असतात. तेव्हा पत्रकात सरळ लिहा: ‘बारा वाजेपर्यंत जागेवर बसा, अक्षता हातात घ्या, १२:२३ ला पडदा दूर होईल.’ मुहूर्त या शब्दाचा अर्थ त्याखाली एका ओळीत दिला तरी पुरे.

याच ठिकाणी दुसरी गफलत होते. माळा पडल्या, वाजंत्री वाजली, निम्मं कार्यालय पंगतीकडे वळलं की पाहुण्याला वाटतं, लग्न संपलं. उत्तरेकडच्या जयमालेची सवय असलेल्याला नेमकं उलट वाटतं, की खरं लग्न रात्री कधीतरी होईल. वास्तविक कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी हे सगळं बहुतेक घरांत त्यानंतरच्या तास-दीड तासात होतं. ‘जेवण सुरू असताना विधी चालू राहतात, जेवून परत येऊन बसलात तरी चालेल,’ हे वाक्य मी तरी ठळक अक्षरांत छापेन.

अक्षतांबद्दल एवढंच सांगा की प्रत्येक ‘शुभमंगल सावधान’ला चार दाणे हळूच टाकायचे, पहिल्यालाच मूठ रिकामी करायची नाही. ‘सावधान’चं भाषांतर ‘बिवेअर’ करू नका. कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी आठवते. ‘बी अटेंटिव्ह’ लिहा, कारण घटिका जवळ आली, लक्ष द्या, असं सांगणं चाललेलं असतं.

कन्यादानाला ‘डोनेशन ऑफ द डॉटर’ लिहिलं की परदेशी पाहुणी भुवया उंचावणार, आणि तिचं चूक नाही. ‘गिव्हिंग अवे’ लिहिलं तर ती वडील मुलीला हात धरून आणतील याची वाट पाहील. शब्दावर थांबू नका, दिसतं ते सांगा: मुलीची आई पाण्याची धार धरते आणि ते पाणी वडिलांच्या ओंजळीतून नवऱ्यामुलाच्या ओंजळीत पडतं. मग वडील बजावतात की धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला ओलांडून जायचं नाही, आणि नवरामुलगा ‘नातिचरामि’ म्हणतो, म्हणजे ‘ओलांडणार नाही’. पत्रकांत इथे हटकून मोक्षही घुसतो. तो या वचनात नाही, काढून टाका. एखाद्या घरात कन्यादान करत नसतील तर तो परिच्छेदच नको.

सप्तपदीला ‘सेव्हन फेरे’ म्हणणं ही सगळ्यांत पसरलेली चूक. सप्तपदी म्हणजे सात पावलं. तांदळाच्या सात लहान राशी मांडतात आणि वधू एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जाते, वर तिच्यासोबत असतो. अग्नीभोवतीच्या प्रदक्षिणा वेगळ्या. त्या लाजाहोमाच्या वेळच्या, वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो तेव्हाच्या, आणि त्या बहुधा तीन असतात. ‘सेव्हन राउंड्स’ वाचलेला पाहुणा तिसऱ्या फेरीनंतर शेजाऱ्याला विचारतो, उरलेल्या चार कुठे गेल्या?

पावलांचा अर्थ लिहितानाही उत्तरेकडची ‘सात वचनं’ चिकटवू नका. ती लांबलचक यादी वेगळी. आपल्या मंत्रांत प्रत्येक पावलाला एकेकच गोष्ट आहे: अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि सातव्याला सख्य. ‘सखा सप्तपदी भव’ याला ‘विथ द सेव्हन्थ स्टेप, बी माय फ्रेंड’ पुरेसं आहे. हवी तर आणखी एक ओळ घाला: हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे, ज्या विवाहविधीत सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. लग्न नेमकं कधी लागलं, हे विचारणाऱ्याला याहून नेमकं उत्तर मिळणार नाही.

कानपिळीचा उल्लेख विसरू नका, नाहीतर मेहुण्याने नवरदेवाचा कान धरलेला पाहून कोणाला भांडण वाटायचं.

छापायच्या आधी मसुदा गुरुजींना वाचून दाखवा. त्यांना विचारायचे प्रश्न तीनच: तुम्ही विधी कोणत्या क्रमाने घेता, प्रदक्षिणा किती, आणि आंतरपाटानंतर सप्तपदीपर्यंत साधारण किती वेळ लागतो? शाखेप्रमाणे आणि घराण्याप्रमाणे क्रम बदलतो. कार्यालय चारला रिकामं करायचं असेल, तर वेळही बदलतो.