फ्लॅटचा ताबा रखडला? शेवटचा हप्ता भरण्याआधी बिल्डरशी बोलणी अशी करा

ताबा लांबला की बहुतेकजण दोन चुकीच्या वेळी बोलायला जातात. पहिली वेळ काम अर्धवट असतानाची, तेव्हा बिल्डरकडे द्यायला काही नसतं. दुसरी किल्ली हातात आल्यानंतरची, तेव्हा त्याला द्यायची गरज उरलेली नसते. बोलणीची खरी वेळ या दोन्हींच्या मध्ये येते. इमारत जवळपास तयार आहे, ती राहण्यायोग्य असल्याचा ऑक्युपन्सी दाखला आलाय किंवा येऊ घातलाय, आणि तुमचा शेवटचा हप्ता अजून द्यायचा आहे. या टप्प्यावर बिल्डरला तुमचे पैसे आणि तुमची सही दोन्ही हवी असतात. हा लेख त्या काही आठवड्यांबद्दल आहे.

आधी तारखा पक्क्या करा

सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेला करारनामा काढा आणि ताब्याची तारीख शोधा. जाहिरातीतली किंवा सेल्स ऑफिसातल्या मुलीने सांगितलेली तारीख मोजणीत धरू नका. करारात 'सहा महिन्यांची सवलत' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर हिशेब ती संपल्यावर सुरू करा. वादाचा मुद्दा सुरुवातीलाच टाळला की पुढचं बोलणं सोपं जातं.

मग गोव्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे रेराच्या, rera.goa.gov.in या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. तिथे बिल्डरने जाहीर केलेली पूर्णत्वाची तारीख आणि घेतलेली मुदतवाढ दिसते. "रेराने आम्हाला मुदत वाढवून दिलीय, त्यामुळे उशीर झालेलाच नाही," हे वाक्य बैठकीत हमखास येतं. त्याला उत्तर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ च्या नीलकमल रिअल्टर्स निकालात म्हटलं आहे की रेरा कायद्याच्या कलम १८ खालचा उशीर खरेदीदाराशी केलेल्या करारातल्या तारखेपासून मोजायचा. गोवा त्याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. मुदतवाढीमुळे बिल्डरची नोंदणी जिवंत राहते, तुमच्या करारातली तारीख हलत नाही.

उशीर कधी संपला, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. पंचायतीचा किंवा पालिकेचा ऑक्युपन्सी दाखला नसताना "फर्निचरचं काम सुरू करा" म्हणून दिलेली किल्ली हा कायदेशीर ताबा नव्हे. दाखल्यासह ताबा देऊ केल्याच्या दिवसापर्यंत व्याज मोजा. दाखला आल्यावर मात्र दोन महिन्यांच्या आत ताबा घेणं ही तुमची जबाबदारी आहे. तिथून पुढे ताणून व्याज वाढवता येत नाही.

व्याज काढा, कागदावर

रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तुम्ही प्रकल्पातून बाहेर न पडता घर घ्यायचं ठरवलं असेल, तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज बिल्डरने द्यायचं असतं. गोव्याच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याचा दर स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरवर, म्हणजे कर्जासाठीच्या तिच्या पायाभूत व्याजदरावर, आणखी दोन टक्के असा आहे. एमसीएलआर बदलत राहतो, म्हणून हिशेब करता त्या दिवशीचा दर बँकेच्या संकेतस्थळावरून घ्या आणि तारीख लिहून ठेवा. व्याज तुम्ही प्रत्यक्ष भरलेल्या रकमेवर लागतं, फ्लॅटच्या एकूण किमतीवर नाही. इथेच लोकांचे आकडे फुगतात आणि बिल्डरचा अकाउंटंट पहिल्या पाच मिनिटांत त्यांना खोडून काढतो.

एक उदाहरण करून पाहू. फोंड्यात ८५ चौरस मीटरचा फ्लॅट, किंमत ६० लाख. करारातली ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२३. तोवर ४८ लाख भरलेले. आणखी ६ लाख ३० जून २०२४ ला भरले. राहिले ६ लाख, ते ताब्याच्या वेळी द्यायचे. बिल्डरने डिसेंबर २०२४ मध्ये ताबापत्र पाठवलं, पण ऑक्युपन्सी दाखल्यासह ताबा देऊ केला तो ३१ मार्च २०२५ ला. एमसीएलआर ९ टक्के धरला तर दर ११ टक्के.

४८ लाखांवर ११ टक्क्यांनी महिन्याला ४४,००० रुपये होतात. पंधरा महिन्यांचे ६,६०,०००. नंतर भरलेल्या ६ लाखांवर महिन्याला ५,५००, नऊ महिन्यांचे ४९,५००. एकूण ७,०९,५०० रुपये.

आता बिल्डरचा हिशेब पाहा. तो करारातलं भरपाईचं कलम दाखवतो, समजा चौरस मीटरला महिन्याला ५० रुपये. आणि ताबापत्र डिसेंबरमध्येच दिलं म्हणून बारा महिनेच धरतो. ८५ गुणिले ५० गुणिले १२, म्हणजे ५१,००० रुपये. हाच करार पुढच्या पानावर तुमच्या उशिराच्या हप्त्याला १८ टक्के व्याज लावतो. रेराच्या व्याख्येप्रमाणे दोन्ही बाजूंना व्याजाचा दर सारखाच असावा लागतो. करारातली ती दोन पानं फोटोकॉपी करून शेजारी शेजारी ठेवा. बैठकीत याहून परिणामकारक कागद मी पाहिलेला नाही.

तुमच्या बाजूचे कच्चे दुवेही आधीच शोधा. एखादा हप्ता मागणीपत्रानंतर उशिरा भरला असेल तर त्या दिवसांचं व्याज स्वतःहून वजा करा. स्वयंपाकघराची भिंत हलवायला तुम्ही सांगितलं असेल आणि त्यात महिना गेला असेल, तर तेही मान्य करा.

पत्र आधी, बैठक नंतर

तोंडी बोलण्याआधी एक पानाचं पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. भाषा साधी असू द्या: "दि. … च्या नोंदणीकृत करारानुसार फ्लॅट क्र. … चा ताबा दि. ३१.१२.२०२३ पर्यंत देय होता. ऑक्युपन्सी दाखल्यासह ताबा दि. ३१.०३.२०२५ रोजी देऊ केला गेला. रेरा कायदा कलम १८ नुसार सोबतच्या तक्त्याप्रमाणे रु. ७,०९,५०० व्याज देय आहे. ते अंतिम हप्त्यातून वळते करून उर्वरित रक्कम द्यावी. चर्चेसाठी पंधरा दिवसांत वेळ कळवावी." फसवणूक, लूट असे शब्द नकोत. हे पत्र पुढे प्राधिकरणासमोर वाचलं जाऊ शकतं.

एक इशारा इथेच देतो. व्याज मिळेपर्यंत शेवटचा हप्ता परस्पर अडवून ठेवू नका. हप्ता वेळेवर भरणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि बिल्डर उलट तुमच्यावरच व्याज लावू शकतो. मागणीपत्राची मुदत संपत आली आणि बोलणी अर्धवट असली, तर "माझा व्याजाचा हक्क राखून" असं लेखी कळवून पैसे भरा.

बैठकीत काय होतं

कारणांची यादी ठरलेली असते. रेती मिळत नव्हती, पावसात मजूर गावी गेले, पंचायतीने दाखला अडवला, वीज खात्याने ट्रान्सफॉर्मर दिला नाही. ऐकून घ्या, त्यातली काही खरीही असतात. पण कायद्यात अपरिहार्य कारण म्हणून युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा तत्सम नैसर्गिक आपत्तीच येते. गोव्यात पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो, तो धरूनच तारीख द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या न्यूटेक निकालात खरेदीदाराचा कलम १८ खालचा हक्क बिनशर्त मानला आहे. फक्त कोविडकाळ वेगळा. २५ मार्च २०२० पासून पुढे पूर्ण व्हायच्या प्रकल्पांना तेव्हा सहा महिन्यांची वाढ दिली गेली होती. तुमची तारीख त्यात बसत असेल तर त्यावर भांडत बसू नका.

मग वस्तूंची देवाणघेवाण सुरू होते: एक वर्ष मेंटेनन्स माफ, मॉड्युलर किचन, एक जादा पार्किंग. प्रत्येक गोष्टीची रुपयांत किंमत विचारा आणि तक्त्यात लिहा. उघडं पार्किंग तर घेऊच नका. ते सामायिक जागेत मोडतं, बिल्डरला ते तुम्हाला वेगळं विकताच येत नाही.

किती सोडायचं? माझं मत असं की घरभाडं आणि मनस्तापाची मागणी बोलणीत सोडायला हरकत नाही, कारण ती भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे पुराव्यानिशी वेगळी सिद्ध करावी लागते. व्याज मात्र हक्काचं आहे. त्यातून साधारण पंधरा टक्क्यांपर्यंत सूट द्या, आणि तीसुद्धा लगेच वळतं करणार असेल तरच. वरच्या उदाहरणात बिल्डर ५१,००० वरून २ लाखांवर येईल, मग ४ वर अडेल. "६ लाखांचा अंतिम हप्ता पूर्ण वळता करा, उरलेले १,०९,५०० मी सोडतो," हा प्रस्ताव तिथे मांडा. त्याला खिशातून रोख काढावी लागत नाही, तुम्हाला चेक वटण्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच तो बहुधा जमतो.

सही करण्याआधी

ताब्याच्या दिवशी पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक हमीपत्र असतं. त्यात साधारण असं वाक्य येतं: "ताब्यास झालेल्या विलंबाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही." तडजोड झाल्याशिवाय त्यावर सही करू नका. दबावाखाली घेतलेल्या अशा हमीपत्रांमुळे भरपाईचा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बंगळुरूच्या डीएलएफ प्रकरणात मानलं. पण ते सिद्ध करायला वर्षं जातात. ते वाक्य खोडून बाजूला सही करा, किंवा खाली "विलंब व्याजाचा हक्क राखून ताबा घेत आहे" असं लिहा आणि फोटो काढा.

तडजोडपत्रात रक्कम 'कलम १८ नुसार विलंब व्याज' म्हणून यावी, किमतीतली सूट म्हणून नव्हे. विक्रीखतात किंमत पूर्ण ६० लाखच राहू द्या. "संपूर्ण किंमत मिळाली, काही येणे बाकी नाही" ही बिल्डरची ओळ हवीच. शेवटचा हप्ता बँकेच्या कर्जातून जायचा असेल तर हे पत्र बँकेलाही दाखवा, नाहीतर बँक थेट बिल्डरला पैसे सोडून मोकळी होईल. करारात नवरा-बायको दोघे पक्षकार असतील, आणि गोव्याच्या मालमत्ता कायद्यामुळे बहुधा असतातच, तर तडजोडीवरही दोघांची सही घ्या.

जमलंच नाही तर

पत्राला उत्तर आलं नाही किंवा आकडा दोन-तीन लाखांवरच अडला, तर गोवा रेराकडे कलम ३१ खाली तक्रार करा. तोच तक्ता, तेच पत्र, पावत्या आणि दाखल्याची प्रत जोडायची. व्याज प्राधिकरण ठरवतं. आदेश होऊनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होतात. अपिलात जायचं तर आदेशाची पूर्ण रक्कम त्याला आधी जमा करावी लागते. हे कलम बिल्डरच्या वकिलाला पाठ असतं, म्हणून कित्येकदा तक्रार दाखल झाल्यावर आणि सुनावणीआधी फोन येतो.

गोव्यात मात्र छोट्या इमारती पुष्कळ आहेत. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील तर प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. अशा वेळी ग्राहक आयोगाचा रस्ता धरा आणि दोन वर्षांची मुदत डोळ्यांसमोर ठेवा. बिल्डर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत असला तरी ती मुदत थांबत नाही.